इंजिन चालू, व्होल्टेज शून्य: या चुका टाळा

जनरेटरचं इंजिन एका सुरात चालतंय, पण सॉकेटवर करंट नाही. अशा वेळी दहापैकी नऊ जण व्होल्टेज सांभाळणारा एव्हीआर गेला असं ठरवून नवीन घेऊन येतात. मीटर लावायला पाच मिनिटं लागतात, तेवढा धीर नसतो.

असाच एक जण तिसरा एव्हीआर बसवून माझ्याकडे आला. आधी ब्रेकर चालू आहे ना ते पाहिलं (हेही बरेच जण विसरतात). सॉकेटवर ३ व्होल्ट दिसत होते. म्हणजे आत फिरणाऱ्या रोटरमध्ये उरलेलं चुंबकत्व शाबूत होतं, फक्त त्याला पुढे वाढवणारा करंट रोटरपर्यंत पोचत नव्हता. इंजिन बंद करून एव्हीआरकडून, रोटरला करंट पोचवणाऱ्या कार्बन ब्रशकडे जाणाऱ्या दोन वायरी काढल्या आणि ब्रशच्या टोकांवर ओहम मोजले, तर सर्किट उघडं. ब्रश होल्डर काढून थेट रोटरच्या स्लिप रिंगवर, म्हणजे ब्रश टेकतात त्या कड्यांवर मोजलं, तर ५२ ओहम. रोटर ठणठणीत! एक ब्रश कार्बनच्या भुकटीने होल्डरमध्ये अडकला होता आणि रिंगला टेकतच नव्हता. होल्डर साफ केला, रिंगवर बारीक सॅंडपेपर हलक्या हाताने फिरवला आणि ब्रश बोटाने दाबून स्प्रिंगने परत येतो का पाहिलं. मशीन २३० व्होल्टवर आलं, आणि तेही त्याच्याच पहिल्या, ‘जळालेल्या’ एव्हीआरवर.

रिंगवर एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण ब्रश खातात. आणि रिंगवरचं माप नेहमीपेक्षा खूपच कमी, म्हणजे ५–१० ओहम आलं, तर रोटरचं वाइंडिंग शॉर्ट असू शकतं. तिथे नवा एव्हीआर लावाल तर तोही जळेल.

दुसरी घाई बॅटरीची. मशीन बरेच दिवस पडून राहिलं की चुंबकत्व जातं, मग लोक एव्हीआर जोडलेला ठेवूनच १२ व्होल्ट देतात आणि चांगला एव्हीआर मारतात. मी आधी ब्रशच्या वायरी एव्हीआरपासून सोडवतो, सगळा लोड काढतो, इंजिन चालू ठेवून ब्रशना बॅटरी दोन-तीन सेकंद लावतो. प्लस त्याच ब्रशला, जिथे एव्हीआरची प्लस वायर येते. वायरी काढतानाच खूण करून ठेवावी. ५२ ओहममधून जेमतेम पाव अँपिअर जातो, वायरी गरम व्हायचं कारण नाही. तेवढ्यात सॉकेटवर व्होल्टेज चांगलं उसळलं, तर रोटर, स्टेटर ठीक. आता एव्हीआरवर संशय घ्या. काहीच उसळलं नाही, तर एव्हीआर बदलून उपयोग नाही.

एव्हीआरऐवजी कपॅसिटरवर चालणाऱ्या मशीनमध्ये ब्रश नसतात, उगाच शोधू नका. इंजिन बंद करून, कपॅसिटर बल्बने डिस्चार्ज करून मोजा. छापलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा बराच कमी असेल तर तेवढ्याच मापाचा बदला. मोठा घातला की व्होल्टेज वाढतं आणि वाइंडिंग तापतं. कपॅसिटर बरोबर असूनही शून्यच असेल, तर रोटरवरचे डायोड तपासा.