विळीवरून सुरीवर येताना

सांगलीत विश्रामबागच्या एका खानावळीत मी कामाला लागले तेव्हा घरच्या स्वयंपाकाची पंधरा वर्षं माझ्यामागे होती, पण ती सगळी विळीवरची. खानावळीत विळी नव्हती. ओट्यापाशी उभं राहून सुरीनंच चिरायचं. आता माझ्याकडे नवीन मुली कामाला येतात, त्यातल्या बऱ्याच जणी अशाच विळीवरून येतात. त्यांना पहिल्या दिवशी जे सांगते तेच इथं लिहिते आहे.

विळीचं पातं जागचं हलत नाही. भाजी हलते, आणि ती दोन्ही हातांत असते. किती जोर लावायचा, कुठं थांबायचं हे दोन्ही हातांना कळतं. सुरीत सगळं उलटं होतं. भाजी स्थिर आणि पातं फिरतं, आणि भाजी धरलेला डावा हात पात्याच्या वाटेत येतो. बोटं मात्र विळीच्याच सवयीनं सरळ, पुढं पसरलेली राहतात. म्हणून पहिल्यांदा डावा हात बदलायचा. बोटांची टोकं आत वळवायची, अंगठा त्यांच्या मागं ठेवायचा आणि मधल्या पेरांचा उंचवटा पात्याच्या सपाट बाजूला टेकवायचा. पातं त्या उंचवट्याला घासत वरखाली होतं. पातं त्याच्यापेक्षा वर उचललं नाही तर टोकांपर्यंत पोचूच शकत नाही. सुरी नुसती मुठीत धरू नये. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट मुठीच्या पुढं पात्यावर चिमटीसारखं धरावं, म्हणजे पातं डुलत नाही. फळीखाली ओलं फडकं घालावं. पहिले आठ दिवस हात फार हळू चालतो, तो चालू द्यावा.

मी हे सगळं शिकले होते. तरी कापून घेतलं, कारण एक काम मी विळीच्याच पद्धतीनं करत होते. ते म्हणजे भरली वांगी.

घरी वांगं हातात धरून देठापर्यंत चार चिरा द्यायच्या, हे आपल्या हाताला पाठ असतं. खानावळीत त्या दिवशी दोन पाट्या वांगी होती. मी वांगं डाव्या हातात धरलं आणि सुरीनं खालून चिरायला लागले. सुरीची धार गेलेली होती. कृष्णाकाठच्या ताज्या वांग्याची साल तुकतुकीत आणि ताणलेली असते, बोथट पातं तिच्यावरून सरकतं. म्हणून मी जोर लावला. साल एकदम फाटली, आतला गर मऊ, आणि तो सगळा जोर वांग्यातून आरपार माझ्या अंगठ्याशेजारच्या बोटात गेला. तळहाताकडच्या बाजूला, मधल्या पेरावर.

आमच्या आक्कांनी पहिलं काम केलं ते माझ्या हातातली सुरी काढून बाजूला ठेवली. मग धुतलेल्या पंच्याची घडी जखमेवर दाबली आणि मला खाली बसवलं. "हात वर धर, छातीच्या वर. आणि उघडून बघायचं नाही." कुणीतरी हळदीचा डबा घेऊन आलं. सांगली हळदीची पेठ, इथं कापलं की हात आधी डब्याकडेच जातो. आक्कांनी तो परत पाठवला. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि खोल जखमेत ती गेली की डॉक्टरांना आधी ती धुऊन काढावी लागते, शिवाय आत काय तुटलंय ते दिसत नाही. कॉफी, चुना, टूथपेस्ट यांचंही तेच. बोटाच्या मुळाशी दोरा आवळून बांधायचा नाही, त्यानं बोटाचा रक्तपुरवठाच तुटतो. बोटात अंगठी असेल तर सूज यायच्या आधी काढायची.

घड्याळ लावून दहा मिनिटं दाबायचं. मधेच "थांबलं का" म्हणून फडकं उचललं की नुकतीच बसलेली गुठळी निघते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवून दाबत राहायचं. एवढं करूनही वाहतच राहिलं, किंवा रक्त उसळ्या मारत येत असेल, तर दाब न सोडता १०८ ला फोन करायचा. पात्याचा तुकडा आत रुतला असेल तर तो ओढायचा नाही, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबायचं.

माझं रक्त दहा मिनिटांत बरंच थांबलं. नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धुतला. मला वाटलं, झालं, पट्टी बांधू आणि वांगी पुरी करू. आक्का म्हणाल्या, "बोटाचं शेंडं वाकवून दाखव बघू." मला ते जमेना. बोट मधल्या सांध्यात वाकत होतं, पण शेवटचं पेर ताठच राहत होतं. दुखतंय म्हणून होत नसेल असं मला वाटलं. दवाखान्यात डॉक्टरांनी मधला सांधा स्वतःच्या बोटांत सरळ धरला आणि फक्त शेंडा वाकवायला सांगितला. काहीच हललं नाही. मग कापसाचा बोळा शेंड्याच्या दोन्ही कडांना लावला. एका कडेला मला तो कळलाच नाही. शेंडा वाकवणारी दोरी, म्हणजे टेंडन, तुटली होती आणि एका बाजूची नसही.

कापल्यावर हेच तपासायचं असतं, आणि हेच राहून जातं. रक्त थांबणं आणि जखम साधी असणं यांचा संबंध नाही. शेंडा वाकत नसेल, सरळ होत नसेल, एखादी बाजू बधिर वाटत असेल, जखमेच्या कडा उघड्या राहून आत पिवळट चरबी दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. तुटलेली दोरी रबरासारखी तळहाताकडं आत सरकते. आठवडे गेले की ती ओढून जोडणं अवघड होत जातं. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही सांगायचं. बोटाचा तुकडाच पडला असेल तर तो स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून बंद पिशवीत घालायचा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. तुकडा थेट बर्फावर ठेवायचा नाही.

माझं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी मिरजेत झालं. सहा आठवडे हात वाकवलेल्या स्प्लिंटमध्ये होता, आणि जड पातेलं उचलायला तीन महिने गेले. शेंडा आता वाकतो, पूर्ण नाही.

आता वांगं आम्ही फळीवर आडवं ठेवून चिरतो. देठ डाव्या हातात. देठाच्या इंचभर अलीकडं सुरीचं टोक फळीपर्यंत खुपसायचं आणि पातं उजवीकडं, धरलेल्या हातापासून लांब ओढायचं. मग वांगं पाव फेरा फिरवून पुन्हा तसंच. सकाळी पहिला टोमॅटो चिरताना साल दबली, तर ती सुरी धार लावल्याशिवाय वापरत नाही.

सुऱ्या ड्रॉवरमध्ये झारे-पळ्यांसोबत टाकत नाही. भिंतीवर चुंबकाची पट्टी आहे, मुलांच्या हाताला लागणार नाही इतकी वर. घरी पट्टी नसेल तर जाड पुठ्ठा दुमडून, चिकटपट्टी लावून पात्याची म्यान करावी. साबणाच्या फेसात सुरी कधीच सोडायची नाही. ती ज्यानं वापरली त्यानंच लगेच धुऊन, पुसून जागेवर लावायची. आणि ओट्यावरून सुरी पडली तर हात पुढं न करता मागं सरकायचं. नव्या मुलींकडून हे मी लाटणं खाली पाडून करून घेते, चार-पाच वेळा, पाय आपोआप मागं जाईपर्यंत.