भुट्ट्याच्या किसाचे मॅक्रो शीटमध्ये मांडताना या चुका टाळा

पावसाळा लागला की इंदूरच्या आमच्या घरात आठवड्यातून एकदा तरी भुट्ट्याचा कीस होतोच. माझा धाकटा चुलतभाऊ हल्ली जिमला जातो. परवा वाटी हातात घेऊन तो म्हणाला, "ताई, यात प्रोटीन किती आहे सांग ना, मला लिहून ठेवायचंय." त्याने स्वतः एक शीट केली होती, आणि तिच्या हिशेबाने अख्ख्या कढईत १० ग्रॅमही प्रोटीन नव्हतं. मका आणि दूध घातलेल्या पदार्थात एवढं कमी कसं असेल? शीट उघडली तेव्हा दिसलं की त्याने दर १०० ग्रॅमच्या रकान्याचीच बेरीज घेतली होती. २० ग्रॅम खोबरं आणि ४०० ग्रॅम मका, दोघांचं वजन तिथे सारखंच धरलं गेलं. मग आम्ही ती शीट पहिल्या ओळीपासून नव्याने मांडली.

आमचे आकडे असे. प्रमाण सोडून बाकी सगळं दर १०० ग्रॅमला आहे, आणि मसाले-मिरची सोडून दिली आहे.

| घटक | प्रमाण (ग्रॅम) | प्रोटीन | कार्ब | फॅट | किलोकॅलरी |
|---|---|---|---|---|---|
| किसलेला स्वीट कॉर्न | ४०० | ३.३ | १८.७ | १.४ | ८६ |
| फुल क्रीम नसलेलं, साधारण ३.३% फॅटचं दूध | २५० | ३.२ | ४.८ | ३.३ | ६१ |
| तूप | ३० | ० | ० | ९९.७ | ८९७ |
| ओलं खोबरं | २० | ३.३ | १५.२ | ३३.५ | ३५४ |

आधी ओळ बरोबर निवडा

सूत्राकडे वळण्याआधीच बऱ्याच शीट बिघडलेल्या असतात. अन्नघटकांच्या तक्त्यात मका दोनतीन ठिकाणी सापडतो. कोवळा मका वेगळा आणि वाळलेला दाणा वेगळा. वाळलेल्या मक्याच्या १०० ग्रॅममध्ये सव्वातीनशेच्या वर किलोकॅलरी असतात, कारण त्यात पाणी फारच कमी असतं. ती ओळ चुकून उचलली की ४०० ग्रॅम कीस कागदावर हजार किलोकॅलरींनी फुगतो.

वजनाचंही तसंच आहे. तक्त्यातले आकडे खाण्याजोग्या भागाचे असतात. आम्ही मोठाली कणसं आणली होती, ती अख्खी तोलून चालणार नव्हतं. किसून झाल्यावर भांड्यात जे उतरलं तेच ४०० ग्रॅम. बुरकुंडं बाजूला गेली, त्यांचं वजन शीटमध्ये येता कामा नये. तूपही चमच्याने मोजू नका. तुपात १ ग्रॅमची चूक म्हणजे ९ किलोकॅलरींची चूक, आणि शिगोशीग चमचा म्हणजे नेमकं किती हे प्रत्येक हाताला वेगळं. तुपाचा डबा काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि काढलं तेवढं वजा आकड्यात वाचा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०१७ चा भारतीय अन्नघटक तक्ता वापरत असाल तर एक गोष्ट नीट बघा. त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. ४.१८४ ने भागल्याशिवाय तो आकडा किलोकॅलरीच्या रकान्यात टाकू नका.

गुपचूप शून्य होणारी ओळ

घटकाचं नाव A मध्ये, ग्रॅम B मध्ये आणि पुढचे चार आकडे C ते F मध्ये असतील तर एकच सूत्र पुरतं. C7 मध्ये लिहा आणि उजवीकडे F पर्यंत ओढा:

```
=SUMPRODUCT($B$2:$B$5,C2:C5)/100
```

B पुढचे डॉलर विसरलात तर ओढताना ग्रॅमचा रकानाही सरकतो आणि कार्बचा गुणाकार प्रोटीनशी होतो.

याहून घातक चूक भावाच्या शीटमध्ये होती. दुधासमोर त्याने "250 ग्रॅम" असं टाइप केलं होतं. अशा पेशीतला मजकूर SUMPRODUCT शून्य धरतं आणि कसलीही तक्रार करत नाही. लाल रंग नाही, चूक दाखवणारा शब्द नाही. दूधच गायब, तरी प्रोटीनची बेरीज १३.९ ग्रॅम अशी सरळसाधी दिसते. खरी बेरीज २१.९ आहे. डोळ्यांना एकच खूण मिळते: खरा अंक पेशीत उजवीकडे बसतो आणि मजकूर डावीकडे. पण रकाना मध्यभागी जुळवलेला असेल तर ही खूणही जाते. म्हणून शेजारी ही तपासणी ठेवा:

```
=COUNT(B2:F5)=5*COUNTA(A2:A5)
```

TRUE आलं तर सगळ्या पेशींत अंकच आहेत. FALSE आलं तर कुठेतरी मजकूर किंवा रिकामी पेशी आहे. म्हणूनच तुपाच्या प्रोटीनच्या जागी रिकामं सोडू नका, 0 लिहा. "ग्रॅम" दिसायलाच हवं असेल तर पेशीत फक्त 250 ठेवा आणि नंबर फॉरमॅट `0" ग्रॅम"` असा द्या. मग दिसायला ग्रॅम दिसेल आणि आत अंकच राहील.

नवा घटक पाचव्या ओळीच्या खाली जोडला तर सूत्राचा पट्टा तिथवर पोचेलच असं नाही. ओळ मधेच घाला.

भागायचं कशाने?

आमची बेरीज अशी आली: प्रोटीन २१.९, कार्ब ८९.८, फॅट ५०.५ ग्रॅम आणि ८३६ किलोकॅलरी. हे सगळ्या कढईचं. आता १०० ग्रॅम किसात किती? इथे जवळपास प्रत्येकजण कच्च्या वजनाने, म्हणजे ७०० ने भागतो. पण दूध आटतं, मक्यातलं पाणी उडतं. वाफेबरोबर प्रोटीन किंवा फॅट जात नाही, फक्त वजन जातं.

आमची रिकामी कढई ११८० ग्रॅम होती, हे आधीच कागदावर लिहून ठेवलं होतं. गॅस बंद केल्यावर कढईसकट १७०० भरले, म्हणजे कीस ५२० ग्रॅम. ७०० ने भागलं तर १०० ग्रॅमला ११९ किलोकॅलरी येतात, ५२० ने भागलं तर १६१. दीडशे ग्रॅमच्या वाटीत हाच फरक ६२ किलोकॅलरींचा होतो. शिजलेलं वजन B9 मध्ये ठेवा आणि भागाकार असा करा:

```
=C7/$B$9*100
```

गरम कढई थेट काट्यावर ठेवू नका. लाकडी पाट ठेवा आणि पाटासकट काटा शून्यावर आणा.

४-४-९ ची तपासणी कशी वाचायची

प्रोटीन आणि कार्बला ४ ने, फॅटला ९ ने गुणून बेरीज करा. आमची ९०१ आली आणि शीट ८३६ दाखवत होती. भाऊ घाबरला, पण ही चूक नव्हती. तपासणी ओळीओळीने केली तर तूप आणि दूध जवळपास जुळतात. मक्यात १०० ग्रॅमला १०१ येतात आणि तक्ता ८६ म्हणतो. एकतर आम्ही घेतलेल्या तक्त्यात कार्बच्या आकड्यात तंतूही धरलेले असतात, शिवाय मक्यासारख्या पदार्थाला ४-४-९ ऐवजी त्याचे स्वतःचे गुणक लावलेले असतात. म्हणून मका, डाळी, भाज्यांत थोडी तफावत येणारच. एखाद्या ओळीत साधारण चौपट फरक दिसला तर मात्र किलोज्यूल शिरले आहेत असं समजा. आणि तुपासारख्या ओळीत फरक दिसला तर टाइप करताना दशांशचिन्ह सरकलं आहे.

गेल्या रविवारी कीस जरा ओलसर ठेवला होता, शिजून ५६० ग्रॅम भरला. घटक तेच, म्हणून फक्त B9 बदलला. बेरीज ८३६ वरच राहिली आणि १०० ग्रॅमचा आकडा १६१ वरून १४९ वर आला.