मुदतवाढ मागताना दिवस असे मोजा

बांधकामाचा नकाशा २१ दिवस उशिरा आला म्हणून ठेकेदाराला २१ दिवसांची मुदतवाढ मिळतेच असं नाही. त्या उशिरानं काम संपण्याची तारीख किती पुढे गेली, ते दाखवावं लागतं.

समजा, तिसऱ्या स्लॅबचा सळईचा नकाशा ३ जूनला मिळायचा होता, तो २४ जूनला हाती आला. पण खालचे कॉलम तुमच्याच माणसांनी ९ जूनला भरून संपवले. म्हणजे नकाशा वेळेवर आला असता तरी तुम्ही ९ तारखेपर्यंत अडलेलेच होतात. खरा खोळंबा १५ दिवसांचा. पूर्णतेची तारीख ३१ मार्च असेल तर मागणी १५ एप्रिलची करा. त्याच १५ दिवसांत चार दिवस पावसानं गेले असतील, तर ते वेगळे जोडू नका. कुंपणभिंतीचा नकाशा महिनाभर रखडला, पण ती भिंत शेवटी बांधली तरी चालणार असेल, तर त्याचे दिवस शून्य.

एवढं सिद्ध होतं ते साइटवरच्या कागदांवर: नकाशा मागितल्याचं पत्र, तो मिळाल्याची तारखेसह पोच, रोजचा हजेरी अहवाल आणि अडथळा नोंदवही. नोंदवहीत अडथळा सुरू झाल्याच्या आणि संपल्याच्या दिवशी इंजिनिअरची सही घ्याच. सहा महिन्यांनी कुणी सही करत नाही, आणि इथेच चांगले दावे बुडताना मी पाहिले आहेत.

नोटिशीची मुदत करारात पाहा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारात घटनेपासून १४ दिवसांत लेखी अर्ज द्यावा लागतो. अडथळा सुरू असला तरी पहिलं पत्र त्याच मुदतीत द्या, दिवसांचा हिशेब नंतर जोडा.