कट-पेस्ट अर्ध्यावर तुटलं, तेव्हा फोटो कुठे होते

नारायण पेठेतल्या एका फोटो स्टुडिओत मी कामाला लागलो, तेव्हा कार्डातले फोटो डिस्कवर घेणं माझ्याकडे होतं. एका लग्नाचे ९०० फोटो मी कार्डातून कट करून एक्स्टर्नल डिस्कवर पेस्ट केले. अर्ध्यात लाइट गेली. यूपीएस नव्हता.

आधी मला वाटायचं की कट-पेस्ट म्हणजे फाइल उचलून दुसरीकडे ठेवणं. एकाच ड्राइव्हच्या आत ते बरंचसं खरं आहे. तिथे फाइलमधला मजकूर जागचा हलत नाही, फक्त तिची नोंद एका फोल्डरमधून दुसऱ्यात जाते. म्हणून २० जीबीचा व्हिडिओसुद्धा क्षणात हलतो. पण कार्ड आणि डिस्क ही दोन वेगळी साधनं. तिथे मूव्ह म्हणजे आधी कॉपी, मग मूळ फाइल डिलीट. विंडोज हे एकेका फाइलचं करत जातं.

लाइट आल्यावर मोजलं तर डिस्कवर ४१२ फोटो, कार्डात ४८९. बेरीज ९०१! एक फोटो जास्तीचा कुठून आला? स्टुडिओतले दादा म्हणाले, "तोच शोध. तो दोन्हीकडे असणार."

तो DSC_0412.JPG निघाला. कॉपी चालू असतानाच तुटल्यामुळे त्याचं मूळ डिलीट झालंच नव्हतं. डिस्कवरच्या फाइलचा आकार मात्र मूळ फाइलइतकाच दिसत होता, कारण विंडोज बहुतेक वेळा आधी पूर्ण जागा राखून ठेवतं आणि मग ती भरतं. उघडल्यावर वर नवरा-नवरी, खाली सगळं करडं.

खरा धोका याच्या पुढच्या पायरीवर आहे. उरलेले फोटो हलवायला गेलं की विंडोज विचारतं, त्याच नावाची फाइल तिथे आहे, बदलू की वगळू? मी "वगळा" दाबणार होतो. तसं केलं असतं तर तुटका फोटो डिस्कवर राहिला असता, चांगला कार्डात, आणि संध्याकाळी कार्ड फॉरमॅट झालं असतं. अशा वेळी "बदला" हेच बरोबर, पण कार्डातली प्रत नीट उघडते हे पाहूनच. तुटण्याच्या जरा आधीचे पाच-सहा फोटोही उघडून बघा. कॉपी झाली असं दिसलं तरी डिस्कवर लिहिणं मागे राहिलेलं असू शकतं, आणि त्यांची मूळ प्रत तर गेलेली असते.

तेव्हापासून मी कार्डातून फक्त कॉपी करतो. कॉपी तुटली तरी मूळ सगळं कार्डात शाबूत असतं. डिस्कवरचा अर्धवट फोल्डर उडवून पुन्हा सुरुवात करायची, एवढंच. शंका असलेल्या फाइलच्या दोन्ही प्रतींसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवतो:

```
certutil -hashfile E:\DCIM\DSC_0412.JPG SHA256
certutil -hashfile F:\lagna\DSC_0412.JPG SHA256
```

दोन्ही ओळींत ६४ अक्षरांचा तोच आकडा आला, तर प्रत तंतोतंत आहे. त्यानंतरच कार्ड फॉरमॅटला जातं.