रिकामं केलं म्हणजे खातं बंद झालं असं नाही: या चुका टाळा

आमच्या वहिनींनी नोकरी सोडली आणि 2023 मध्ये पगाराच्या जुन्या खात्यातले सगळे पैसे एटीएममधून काढून घेतले. झालं बंद, असं त्यांना वाटलं. ऑगस्ट 2024 मध्ये 'लाडकी बहीण'चे 3000 रुपये नव्या खात्यात आलेच नाहीत. ते त्या जुन्या खात्यात गेले होते आणि किमान शिल्लक नसल्याचा दंड, त्यावरचा जीएसटी असे 590 रुपये कापून तिथे 2410 उरले होते. पगार थांबला की पगाराचं खातं साधं बचत खातं होतं आणि बँकेची किमान शिल्लकेची अट असेल तर ती लागू होते. ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते.

पैसे जुन्या खात्यात का गेले? सरकारी अनुदान आधार क्रमांकावर जातं आणि आधार अनुदानासाठी एका वेळी एकाच बँकेशी जोडलेलं असतं. म्हणून खातं बंद करायच्या आधी नव्या बँकेत आधार सीडिंगचा अर्ज द्या. मग myAadhaar च्या संकेतस्थळावर Bank Seeding Status मध्ये नव्या बँकेचं नाव दिसेपर्यंत थांबा. विम्याचे हप्ते, एसआयपी, प्राप्तिकराचा परतावाही आधी नव्या खात्यावर वळवून घ्या. घाई केलीत तर हप्ता चुकतो आणि त्याचा दंड वेगळाच.

दुसरी चूक खात्याच्या अवस्थेची. दोन वर्षं तुम्ही स्वतः काहीच व्यवहार केला नसेल तर खातं निष्क्रिय होतं. बँकेने जमा केलेलं व्याज व्यवहारात धरत नाहीत. अशा खात्यासाठी आधी केवायसी देऊन ते चालू करून घ्यावं लागतं. त्यासाठी शुल्क घेता येत नाही, मागितलं तर स्पष्ट नकार द्या.

आता शाखेत. वहिनींनी उरलेले 2410 रुपये स्वतः काढले नाहीत, आणि तेच बरोबर झालं. बंद करताना त्या दिवसापर्यंतचं व्याजही हिशेबात येतं, त्यामुळे रक्कम बँकेलाच पाठवू द्यावी. खाते बंद करण्याच्या अर्जात नव्या खात्याचा क्रमांक आणि आयएफएससी लिहिला, त्याच खात्याचा रद्द केलेला चेक जोडला, पासबुक, उरलेले चेक आणि डेबिट कार्ड परत दिलं. खातं संयुक्त असेल तर सगळ्यांच्या सह्या लागतात. सही जुन्या नमुन्याशी जुळली नाही तर अर्ज तिथेच अडकतो. वहिनींची लग्नाआधीची सही होती, म्हणून आधी सही बदलण्याचा अर्ज द्यावा लागला.

अर्जाच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. नेट बँकिंग बंद व्हायच्या आत जुनं स्टेटमेंट उतरवून ठेवा, विवरणपत्रात व्याज दाखवायला ते लागतं. पैसे नव्या खात्यात आले, तरी खातं बंद झाल्याचं लेखी मागा. तक्रार करूनही 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर हीच शिक्क्याची प्रत जोडून cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.