जेईई मेनचा अर्ज दुरुस्त करताना: एकच नाव, चार शहरं आणि न उघडणारा पत्ता

जेईई मेनच्या अर्जात चूक झाली की कोणीतरी हमखास सांगतं, “करेक्शन विंडो येते ना, तेव्हा बदलून घे.” विंडो येते, पण ती जेमतेम दोन दिवस उघडी असते आणि तिच्यात सगळं बदलत नाही. २०२५ च्या पहिल्या सत्रासाठी ती २६ आणि २७ नोव्हेंबर २०२४ अशी होती, तीही दुसऱ्या दिवशी रात्री ११:५० पर्यंत. काय बदलता येतं याची यादी परीक्षा घेणारी संस्था एनटीए दर सत्राला वेगळ्या सूचनेने काढते. गेल्या वर्षीच्या व्हिडिओवर विसंबू नका, यंदाची सूचना उघडून वाचा.

विंडो उघडण्याआधी कन्फर्मेशन पेजची प्रिंट काढा, शेजारी दहावीची गुणपत्रिका ठेवा आणि लाल पेनने एकेक रकाना ताडून पाहा. लॉगिन करणं सोपं आहे: `jeemain.nta.nic.in` वर अर्ज क्रमांक आणि पासवर्ड टाकायचा, दुरुस्तीची लिंक उघडायची.

आता मुख्य अडचण. मोबाईल नंबर, ईमेल, कायमचा पत्ता, सध्याचा पत्ता, आपत्कालीन संपर्क आणि फोटो हे २०२५ च्या सत्रात बदलू दिले नव्हते. जन्मतारीख, लिंग, प्रवर्ग, सही, दहावी-बारावीचा तपशील, परीक्षेची शहरं आणि माध्यम बदलता येत होतं. आणि नावांच्या बाबतीत नियम असा की स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव या तिघांपैकी फक्त एकच दुरुस्त करता येतं.

हा ‘एकच’ नीट समजून घ्या, कारण इथेच मुलं फसतात. समजा उदगीरच्या एका मुलीच्या अर्जात तिचं नाव `VAISHNAVI` ऐवजी `VAISHANAVI` पडलंय आणि वडिलांचं `DNYANESHWAR` ऐवजी `DYANESHWAR`. दोन्ही एका झटक्यात नीट होणार नाहीत. ती आत गेल्यावर वडिलांचं नाव आधी दिसलं म्हणून तेच दुरुस्त करते, पुढच्या पानावर स्वतःचं नाव बदलायला जाते आणि तो रकाना बंद. माझं मत ठाम आहे: अशा वेळी स्वतःचं नाव आधी. प्रवेशपत्र, निकाल, पुढे आयआयटी-एनआयटीसाठीच्या जोसाच्या प्रवेशफेऱ्यांतली कागदपत्रं, सगळीकडे ताडून पाहिलं जातं ते विद्यार्थ्याचं नाव. वडिलांच्या नावातलं एक राहिलेलं अक्षर पुढे प्रतिज्ञापत्राने निभावून नेता येण्याची शक्यता जास्त, पण स्वतःच्या नावाला दोन स्पेलिंग असली की प्रत्येक टेबलावर खुलासा द्यावा लागतो.

आपल्याकडच्या नावांची आणखी एक गंमत. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधार कार्डावर बहुतेकांचं नाव आधी आणि आडनाव शेवटी. आईच्या रकान्यात गुणपत्रिकेवर फक्त तिचं पहिलं नाव असतं, अर्जात मात्र मुलं ‘सुनीता ज्ञानेश्वर अमुक’ असं पूर्ण लिहून मोकळी होतात. मग विंडो उघडली की घाबरून पहिल्यांदा आईचं नावच ‘दुरुस्त’ करतात आणि एकमेव संधी खर्च होते. असं करू नका. प्रमाण दहावीचं प्रमाणपत्र. आईच्या पुढे जादा आलेलं वडिलांचं नाव ही स्पेलिंगची चूक नव्हे. तिन्ही नावं तपासा, त्यातलं अक्षर चुकलेलं कोणतं ते आधी ठरवा आणि मगच कशाला हात लावायचा ते पाहा. नावाच्या शब्दांचा नुसता क्रम मागेपुढे असेल आणि दुसऱ्या नावात अक्षराची चूक असेल, तर क्रमावर संधी घालवू नका.

सायबर कॅफेवाल्याचा नंबर अर्जात गेला असेल तर लगेच त्याला गाठा, विंडोच्या दिवसापर्यंत थांबू नका. नंबर बदलणार नाही, ओटीपी त्याच्याच फोनवर येणार. दुरुस्तीच्या दोन दिवसांत तो दुकानात असेल आणि फोन उचलेल याची खात्री करा, शक्य असेल तर त्याच्याच दुकानात बसून काम उरका.

फोटोत खोट असेल तर त्याचा मार्ग वेगळा. ज्यांचे फोटो नियमात बसत नाहीत त्यांना एनटीए ईमेल करून अपलोडची संधी देते, म्हणून ईमेल रोज पाहात राहा.

प्रवर्गाबद्दल थोडं सविस्तर, कारण ही महाराष्ट्रातली खास चूक आहे. हा केंद्राचा अर्ज आहे, राज्याच्या सीईटी सेलचा नव्हे. इथे एसईबीसी, व्हीजे, एनटी-बी, सी, डी असे रकाने नसतात. सामान्य, ईडब्ल्यूएस, ओबीसी-एनसीएल, एससी, एसटी एवढेच. मराठा म्हणून एसईबीसीचा दाखला आहे म्हणजे ‘मागास’ असं समजून मुलं ओबीसी-एनसीएलवर खूण करतात. राज्याचं एसईबीसी आरक्षण केंद्राच्या यादीत नाही, त्यामुळे तिथे सामान्य किंवा, पात्रता असेल तर, ईडब्ल्यूएस येतं. उलट राज्यात एनटी-सी असलेला धनगर किंवा एनटी-डी असलेला वंजारी केंद्राच्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहे. त्यांनी ‘एनटीचा रकानाच नाही’ म्हणून सामान्य धरलं तर हक्काची सवलत हातची गेली. मात्र नॉन-क्रीमीलेअरचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला हवा, राज्याच्या नमुन्यातला दाखला इथे चालत नाही.

प्रवर्ग बदलला की फीचा हिशोब बदलतो. २०२५ मध्ये भारतातल्या केंद्रांसाठी एका पेपरची फी सामान्य मुलासाठी १०००, ईडब्ल्यूएस किंवा ओबीसी मुलासाठी ९००, सामान्य, ईडब्ल्यूएस आणि ओबीसी मुलींसाठी ८००, एससी, एसटी आणि दिव्यांगांसाठी ५०० रुपये होती. म्हणजे ओबीसीवरून सामान्यवर आलेल्या मुलाला १०० रुपये भरावे लागतील, मुलीला काहीच नाही. एससीवरून सामान्यवर गेल्यास मुलाला ५००. हे १०० रुपये क्षुल्लक वाटतात, पण ते भरले नाहीत तर दुरुस्ती लागूच होत नाही. उलट दिशेने फी कमी होत असेल तर जास्तीचे पैसे परत मिळत नाहीत.

बारावी कुठून केली, हा रकानाही ताडून बघा. एनआयटीत गृहराज्य कोणतं हे बारावी ज्या राज्यातून केली त्यावर ठरतं, डोमिसाईलवर नाही. राहायला नागपूरला आणि बारावीचा प्रवेश राजस्थानच्या शाळेत असेल, तर गृहराज्य राजस्थान.

आता केंद्र. पहिली गोष्ट: केंद्र निवडता येत नाही, शहर निवडता येतं. पसंतीक्रमाने चार शहरं द्यायची असतात. यापैकी एक मिळायला हवं, पण जागा भरल्या तर जवळचं दुसरं शहरही येऊ शकतं. केंद्र बदलून द्या असे अर्ज नंतर कोणी ऐकत नाही.

शहरांची यादी तुम्ही दिलेल्या कायमच्या आणि सध्याच्या पत्त्यावरून उघडते आणि पत्ता तर बदलत नाही. इथेच माध्यमाचा तिढा पडतो. मराठीतली प्रश्नपत्रिका फक्त महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळते. बेळगाव, निपाणी किंवा गोव्यातल्या मराठी माध्यमाच्या मुलाने दोन्ही पत्ते तिकडचेच दिले असतील, तर महाराष्ट्रातलं शहर दिसणार नाही आणि मराठीचा मार्ग बंद. एक पत्ता महाराष्ट्रातला असेल, उदाहरणार्थ कोल्हापूरचं वसतिगृह, तर कोल्हापूर निवडा आणि माध्यम मराठी करा. माध्यम बदलल्यावर शहरांचा पसंतीक्रम पुन्हा एकदा उघडून पाहा, आधीचाच आहे असं गृहीत धरू नका. भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम मानतात, हेही ध्यानात असू द्या.

उदगीरच्या त्याच मुलीने लातूरला शिकवणी लावली आहे. तिने पहिली पसंती कुठली द्यावी? उदगीरहून सर्वात आधी जिथे पोहोचता येईल ती नव्हे, परीक्षेच्या आदल्या रात्री ती जिथे झोपणार आहे ती. सकाळचं सत्र ९ वाजता सुरू होतं आणि फाटक त्याआधी बंद होतं, त्यामुळे सातच्या सुमारास केंद्राच्या आसपास असणं शहाणपणाचं. खोली लातूरला आहे तर पहिली लातूर, दुसरी नांदेड, तिसरी सोलापूर. चौथी जागा रिकामी जाऊ नये म्हणून पुणे टाकणारे पुष्कळ आहेत. नातेवाईक असतील तरच टाका, आणि तेही शेवटी. पुणे लिहिलं म्हणजे केंद्र शिवाजीनगरला असेल असं नाही. संगणकावरच्या परीक्षांची केंद्रं बहुधा अभियांत्रिकी कॉलेजांत असतात आणि ती वाघोली, नऱ्हे, रावेत अशा टोकांना आहेत. मावशी कात्रजला आणि केंद्र वाघोलीला पडलं, तर पहाटे पाचलाच निघावं लागेल. आडगावच्या मुलाने हिशेब एकच करावा: सकाळी सातला तिथे हजर राहायला आदल्या रात्री कुठे मुक्काम करता येईल.

सगळे बदल झाले की प्रिव्ह्यू छापून घ्या आणि दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला सांगा. मगच `Submit` दाबा. ही एकदाच मिळणारी सोय आहे, सबमिट झाल्यावर तो रकाना पुन्हा उघडत नाही. शेवटच्या तासात पैसे कापले जाऊन पावती न येण्याचे प्रकार होतात, म्हणून पहिल्याच दिवशी संध्याकाळपर्यंत काम आटपा. फी कापली गेली आणि अर्जात स्थिती बदलली नाही, तर लगेच पुन्हा भरू नका, थोड्या वेळाने लॉगिन करून पाहा. शेवटी नवीन कन्फर्मेशन पेज डाउनलोड करा आणि जुन्याशी ओळीनुसार ताडा: बदललेला रकाना नवा दिसतोय का, बाकीचे जसेच्या तसे आहेत का. जुनं पेज फेकू नका.

परीक्षेच्या काही दिवस आधी सिटी स्लिप येते. तिच्यावर शहर असतं, केंद्राचा पत्ता नसतो. पत्ता प्रवेशपत्रावर येतो, तोही अगदी अखेरच्या दिवसांत. त्यामुळे स्लिप आली की गाडीचं तिकीट काढा, मुक्कामाची खोली मात्र प्रवेशपत्र हातात आल्यावर.