पुळणीच्या जमिनीत युरियाचा हप्ता: मुसळधार पावसानंतर या चुका टाळा

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगतच्या पुळणवट जमिनीत पावसाळी भेंडी चांगली येते, पण नत्र तिथे टिकत नाही. दोन दिवस धो धो पाऊस झाला की काही जण घाबरून युरियाचा पूर्ण हप्ता पुन्हा टाकतात, तर काही जण 'टाकलंय ना, मग पुरेल' म्हणून गप्प बसतात. दोघांचाही अंदाज चुकू शकतो. किती नत्र मुळांच्या खाली गेलं हे फक्त पावसावर ठरत नाही. पाऊस आला तेव्हा हप्ता किती दिवसांचा होता, यावरही ते ठरतं. इथला हिशेब दहा गुंठे भेंडीचा आहे. वाल, काकडी किंवा मिरचीलाही तोच लागू होतो, फक्त मुळांची खोली आणि हप्त्यांचे दिवस बदलतात.

चूक पहिली: पडलेला सगळा पाऊस धरणे, किंवा दुसऱ्या गावचा पाऊस धरणे

नत्राला खाली नेतं ते जादा पाणी, म्हणजे जमिनीची तहान भागून उरलेलं पाणी. भेंडीची बहुतेक मुळं वरच्या ४० सेंटिमीटरमध्ये असतात. पुळणीची एवढी जाडी पूर्ण सुकली असली, तरी पन्नासेक मिलिमीटर पावसात ती भरते. त्यामुळे जूनच्या सुरुवातीचा पहिला पाऊस फारसं नुकसान करत नाही. जुलैत मात्र जमीन आधीच भरलेली असते. ढगाळ दिवसांत पिकातून आणि जमिनीतून मिळून रोज तीनेक मिलिमीटरच पाणी उडतं. बाकीचं जवळजवळ सगळं खाली झिरपतं, कारण सपाट पुळणीवरून पाणी वाहत फार कमी जातं.

पाऊस आपल्याच वाफ्याशेजारी मोजा. तालुक्याचा आकडा आणि आपली वाडी यांत एका सरीत पन्नास मिलिमीटरचा फरक पडू शकतो. सरळ बाजूंचा, सपाट तळाचा कोणताही डबा चालतो. माडांपासून आणि छपरापासून दूर, उघड्यावर ठेवा, रोज सकाळी त्याच वेळी पट्टीने पाण्याची उंची मोजा आणि डबा रिकामा करा. गळ्याकडे निमुळती होत जाणारी बाटली घेऊ नका, तिचा आकडा खरा नसतो.

चूक दुसरी: आपल्या वाळूचा आकडा न काढणे

नायट्रेट, म्हणजे युरियातून शेवटी तयार होणारं नत्राचं रूप, पाण्यात विरघळून पाण्याबरोबरच सरकतं. ते किती खोल जाईल हे जमीन किती पाणी धरून ठेवते यावर अवलंबून असतं. हा आकडा घरीच काढता येतो. चांगला पाऊस थांबून एक दिवस झाला, की वरची दोन बोटं माती बाजूला करा आणि सरळ बाजूंचा स्टीलचा डबा उपडा धरून जमिनीत दाबा. तो काठोकाठ भरेल तशी माती न दाबता काढा आणि वजन करा. मग लोखंडी तव्यावर मंद आचेवर, मोकळी होईपर्यंत सुकवा आणि पुन्हा वजन करा. डबा २५० मिलिलिटरचा आणि वजनातला फरक ३० ग्रॅम असेल, तर जमीन १२ टक्के पाणी धरते. पुळणीत हा आकडा साधारण ८ ते १५ मध्ये येतो, शेणखत जास्त पडलेल्या वाफ्यात थोडा वर जातो.

पुढचा हिशेब सोपा आहे. जादा पाणी मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला दहाने गुणा आणि त्या टक्क्यांनी भागा. उत्तर म्हणजे नायट्रेट किती सेंटिमीटर खाली गेलं त्याचा अंदाज. १२ टक्क्यांच्या जमिनीत ४८ मिलिमीटर जादा पाणी म्हणजे ४० सेंटिमीटर. थोडक्यात, एका बऱ्यापैकी पावसाच्या दिवसात नायट्रेट भेंडीच्या मुळांच्या तळाशी पोचतं.

या हिशेबाला एक मर्यादा आहे. भर पावसात जवळच्या विहिरीचं पाणी जमिनीखाली दोन फुटांवर आलं असेल, तर पाणी खाली जायला जागाच उरत नाही. तिथे नत्र खाली जाण्याऐवजी साचलेल्या पाण्यात, हवेअभावी वायू होऊन उडतं. नुकसान तिथेही होतं, पण ते या सूत्रात दिसत नाही. अशा जागी आधी चर काढून पाणी उतरवा.

चूक तिसरी: सगळं नत्र एकसारखं समजणे

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. युरिया टाकल्यावर नत्र तीन रूपांतून जातं. पहिले दोन-तीन दिवस ते युरियाच असतं. त्याला विद्युतभार नसल्यामुळे मातीचा कण त्याला धरत नाही, आणि ते नायट्रेटइतक्याच सहज खाली जातं. उष्ण, ओलसर जमिनीत दोन-चार दिवसांत त्याचं अमोनियम होतं. अमोनियमला मातीचे कण आणि सेंद्रिय कण धरून ठेवतात. पुळणीची ही पकड कमजोर असली तरी अमोनियम नायट्रेटपेक्षा बरंच हळू सरकतं. त्यानंतर जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. या उकाड्यात दोन-तीन आठवड्यांत बहुतेक सगळं नायट्रेट होऊन जातं.

म्हणून एकच पाऊस तीन वेगळ्या वेळी आला, तर नुकसान तीन वेगळ्या प्रकारचं होतं. समजा, ५ जुलैला भेंडीला ४.३ किलो युरिया दिला, म्हणजे साधारण २ किलो नत्र. जमीन १२ टक्क्यांची आणि आधीच भरलेली.

पहिली वेळ: त्याच रात्री ६५ मिलिमीटर पाऊस. ६२ मिलिमीटर जादा पाणी म्हणजे ५० सेंटिमीटरपेक्षा खोल. युरिया युरियाच्या रूपातच मुळांच्या खाली गेला. हप्ता बहुतांशी बुडाला असंच धरायचं.

दुसरी वेळ: ५ ते ८ जुलै मिळून ४४ मिलिमीटर आणि ९, १० व ११ जुलैला ९५, १३० व ४८. पहिल्या चार दिवसांतलं जादा पाणी ३२ मिलिमीटर, म्हणजे २७ सेंटिमीटर. नत्र अजून मुळांतच आहे आणि बरंचसं अमोनियम झालं आहे. पुढच्या तीन दिवसांचं जादा पाणी २६४ मिलिमीटर. सूत्राने दोन मीटरपेक्षा जास्त खोली येते, तेव्हा जे काही नायट्रेट झालं होतं ते सगळं गेलं. पण अमोनियमचा बराचसा भाग वीतभर खाली सरकून मुळांच्या पट्ट्यातच राहिला. अशा वेळी निम्मं नत्र शिल्लक धरणं वाजवी आहे. भरपाई पूर्ण हप्त्याची नाही, फक्त दोन किलो युरियाची.

तिसरी वेळ: तोच तीन दिवसांचा पाऊस २४ जुलैला सुरू झाला. तोवर हप्ता १९ दिवसांचा झाला आहे. पिकाने घेतलं तेवढं वाचलं, उरलेलं जवळजवळ सगळं नायट्रेट होतं आणि ते गेलं. इथे अर्धवट भरपाई पुरणार नाही, पुढचा हप्ता उघडीप मिळताच पूर्ण द्या.

'आपला युरिया तर नीम कोटेड आहे' असं म्हणून निर्धास्त राहू नका. २०१५ पासून देशात मिळणारा शेतीचा बहुतेक युरिया नीम कोटेडच आहे. कडुनिंबाच्या तेलाने अमोनियमचं नायट्रेट व्हायला वेळ लागतो, पण पहिल्या रात्रीचा पाऊस विरघळलेला युरिया नेतो तो नेतोच. भातात चांगल्या चालणाऱ्या युरिया ब्रिकेटचंही, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्यांचंही, पुळणीत तसंच आहे. भारी, पाणी धरणाऱ्या खाचरात गोळी खोल खोचणं फायद्याचं, पण झिरपणाऱ्या वाळूत खोल टाकलेला युरिया मुळांच्या खाली जायच्या वाटेवर आधीच अर्ध्यावर असतो.

चूक चौथी: पुस्तकातले तीन हप्ते जसेच्या तसे देणे

भेंडीला हेक्टरी १०० किलो नत्र धरलं, तर दहा गुंठ्यांना १० किलो, म्हणजे सुमारे २२ किलो युरिया. पेरणीला, तिसाव्या आणि साठाव्या दिवशी एकेक तृतीयांश ही विभागणी मध्यम जमिनीत ठीक आहे. पुळणीत पेरणीचा हप्ता जवळजवळ फुकट जातो, कारण पहिले दोन आठवडे रोपाची भूक फार कमी असते आणि नेमका तेव्हाच मोसमी पाऊस जोर धरतो. पेरणीला चांगलं कुजलेलं शेणखत आणि सुपर फॉस्फेट द्या, युरिया नको. मग १४, २७, ४०, ५२ आणि ६५ व्या दिवसाच्या आसपास प्रत्येकी सव्वाचार-साडेचार किलो युरिया. एका पावसात एकाच छोट्या हप्त्याचं नुकसान होईल, आणि फुलं लागल्यापासून तोडणी भरात येईपर्यंतच्या काळात नत्र कमी पडणार नाही.

दिवस दोन-चारने मागेपुढे झाले तरी चालतील, पण उघडीप चुकवू नका. पुळणीला वाफसा पाऊस थांबल्यावर बहुधा दुसऱ्याच दिवशी येतो. अंदाजात पुढचे तीन दिवस मोठा पाऊस नसेल, तर त्याच दिवशी हप्ता द्या. हवामान खात्याच्या भाषेत 'जोरदार पाऊस' म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त. तो इशारा असेल, तर युरिया पोत्यातच राहू द्या. बुंध्यापासून चार-पाच बोटं अंतरावर उथळ चर ओढून त्यात युरिया टाका आणि लगेच मातीने झाका. उघडा राहिला तर शिंपल्यांच्या चुऱ्याच्या जमिनीत तो अमोनिया होऊन हवेतही जातो.

उघडीप मिळतच नसेल आणि पीक फिकट पडत असेल, तर पानं कोरडी असताना एक टक्का युरिया फवारा, म्हणजे लिटरला दहा ग्रॅम. दहा गुंठ्यांना ५० लिटर द्रावणातून जेमतेम पाव किलोच्या आत नत्र जातं. ही चार-सहा दिवसांची सोय आहे, हप्त्याच्या हिशेबात धरू नका.

चूक पाचवी: पिवळं पान दिसलं की युरिया

नत्र कमी पडलं तर आधी खालची, जुनी पानं एकसारखी फिकट होतात. शिरा आणि मधला भाग दोन्ही पिवळे पडतात, शेंडा मात्र हिरवा असतो. शिरा पिवळ्याधमक आणि मधला भाग हिरवा असेल तर तो केवडा, पांढरी माशी पसरवते तो रोग. त्याला युरियाचा उपयोग नाही, झाड उपटून टाका. उलट, कोवळ्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर लोह कमी आहे. शिंपल्यांच्या वाळूत हे वारंवार दिसतं. कोवळी पानं शिरांसकट फिकट असतील तर गंधकाची शंका घ्या. गंधकही पाण्याबरोबर निचरतं. तिथे पुढचा हप्ता अमोनियम सल्फेटचा द्या. त्यात नत्र २०.५ टक्के, म्हणजे तेवढ्याच नत्रासाठी युरियाच्या सव्वादोनपट वजन लागतं. आणि रोप उपटल्यावर मुळं तपकिरी व कुजकट वासाची निघाली, तर दोष साचलेल्या पाण्याचा आहे. पाणी उतरून नवी पांढरी मुळं दिसेपर्यंत खत देऊ नका.

एक गोष्ट विहिरीची

मुळांच्या खाली गेलेलं नायट्रेट पुळणीत थेट उथळ विहिरीत येतं. वाडीतल्या त्याच विहिरीचं पाणी घरात पिण्यासाठी वापरत असाल, तर पावसाळा संपताना ते प्रयोगशाळेत तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ते उकळून कमी होत नाही, पाणी आटल्यामुळे उलट थोडं वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळासाठी मर्यादेवरचं पाणी अजिबात वापरू नका. आकडा जास्त आला, तर पुढच्या हंगामात विहिरीच्या वरच्या अंगाच्या वाफ्यांपासून हप्ते लहान करायला सुरुवात करा.